पी-व्हॅल्यू ०.०४ आली म्हणून ‘शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ४ टक्के’ असं का लिहू नये, आणि मग काय लिहावं

लक्षण

एमडीचा थीसिस असो, कृषी विद्यापीठातली शेतावरची चाचणी असो किंवा समाजशास्त्राचा सर्व्हे, चर्चेच्या प्रकरणात हे वाक्य कुठे ना कुठे सापडतंच: ‘पी-व्हॅल्यू ०.०४ आली, म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता फक्त ४ टक्के आहे.’ गाइड ते खोडतात, विद्यार्थी पुसतो, आणि दहा पानांनंतर तेच वाक्य वेश बदलून परत येतं. कधी ते ‘उपचार लागू पडतो याची ९६ टक्के खात्री आहे’ असं येतं, कधी ‘हा निकाल निव्वळ योगायोगाने आला असण्याची शक्यता ४ टक्के आहे’ असं. तिन्ही वाक्यं एकाच चुकीची रूपं आहेत. एक खोडून दुसरं लिहिलं तर दुखणं तसंच राहतं.

व्याख्या पाठ करून हा प्रश्न सुटत नाही, असा माझा अनुभव आहे. व्याख्या व्हाइवात बिनचूक सांगणारी मुलंसुद्धा लिहिताना घसरतात. त्याचं कारण समजण्यासारखं आहे. आपल्या मनात प्रश्न असतो ‘औषध चालतं का?’, आणि संगणक एकच आकडा हातात ठेवतो. तो शून्य आणि एक यांच्या मधला असतो, संभाव्यतेसारखा दिसतो, म्हणून तो आपल्याच प्रश्नाचं उत्तर आहे असं वाटून जातं. प्रत्यक्षात तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर असतो. हे पटायचं असेल तर एखादा खरा निकाल घेऊन त्याची पी-व्हॅल्यू स्वतःच्या हाताने काढून बघावी लागते. मी यासाठी नेहमी थायलंडमधली एचआयव्ही लसीची चाचणी घेते, कारण तिच्यात ही गफलत अगदी उघड्यावर पडलेली दिसते.

थायलंडचे आकडे

या चाचणीचं नाव आरव्ही १४४. रायोंग आणि चोनबुरी या दोन प्रांतांत १८ ते ३० वयाचे १६,४०२ स्वयंसेवक घेतले होते. निम्म्यांना लस, निम्म्यांना लसीसारखं दिसणारं पण औषध नसलेलं इंजेक्शन. लस दोन भागांची होती: आधी अल्वॅक, मग त्याच्या जोडीला एड्सव्हॅक्स. २४ सप्टेंबर २००९ रोजी निकाल जाहीर झाला आणि जगभर बातमी झाली, कारण एचआयव्हीवरच्या लसीने मोठ्या चाचणीत काही संरक्षण दिल्याचं पहिल्यांदाच दिसत होतं.

ज्या विश्लेषणाची बातमी झाली त्यात लस घेतलेल्यांपैकी ५१ जणांना आणि न घेतलेल्यांपैकी ७४ जणांना एचआयव्हीचा संसर्ग झाला. दोन्ही गट जवळपास सारख्याच आकाराचे, म्हणजे प्रत्येकी ८,२०० च्या आसपास. लसीची परिणामकारकता ३१.२ टक्के, तिचा ९५ टक्के विश्वासांतराल १.१ ते ५२.१ टक्के, आणि पी-व्हॅल्यू ०.०४.

इथेच ते वाक्य जिभेवर येतं: म्हणजे लस निरुपयोगी असण्याची शक्यता ४ टक्के. आता हा ०.०४ येतो कुठून ते पाहू.

पी-व्हॅल्यू हाताने काढून बघा

एकूण १२५ संसर्ग झाले. समजा लसीचा काहीच उपयोग नाही. गट सारखे असल्यामुळे प्रत्येक संसर्ग लसीच्या गटात पडण्याची शक्यता निम्मी आणि दुसऱ्या गटात पडण्याची निम्मी. म्हणजे १२५ वेळा नाणं उडवल्यासारखंच झालं. सरासरीने ६२ किंवा ६३ छापे पडतील, पण दर वेळी नेमके तेवढेच नाही. कधी ५८ पडतील, कधी ६७. प्रश्न एवढाच की ५१ विरुद्ध ७४ इतकी किंवा याहून जास्त तफावत किती वेळा पडेल? आर मध्ये हे तीन ओळींत होतं:

```r
set.seed(1)
a <- rbinom(100000, 125, 0.5)
mean(a <= 51 | a >= 74)
```

पहिली ओळ फक्त यासाठी की पुन्हा चालवल्यावर तेच उत्तर यावं. दुसरी ओळ एक लाख काल्पनिक चाचण्या करते. तिसरी ओळ त्यांपैकी किती चाचण्यांत लसीच्या गटात ५१ किंवा कमी, अथवा ७४ किंवा जास्त संसर्ग पडले त्याचं प्रमाण सांगते. दोन्ही बाजू मोजतो, कारण लसीने उलट नुकसान केलं असतं तरी तो फरकच ठरला असता. उत्तर ०.०४९ च्या आसपास येतं. शोधनिबंधात ०.०४ आहे. तिथे कोणाला किती काळाने संसर्ग झाला हेही धरलं होतं. पद्धत थोडी वेगळी आहे, पण दोन्हींमागची कल्पना एकच.

आता दुसऱ्या ओळीतल्या `0.5` कडे नीट पाहा. शून्य परिकल्पना ती हीच. ‘लसीचा उपयोग नाही’ हे विधान आपण त्या आकड्याच्या रूपाने स्वतःच टाइप केलं. एक लाख चाचण्यांपैकी प्रत्येकीत लस निरुपयोगी आहे. उपयोगी लस असलेली एकही चाचणी त्या लाखात नाही. मग या लाखातून ‘लस निरुपयोगी असण्याची शक्यता’ कशी निघणार? त्या संगणकी जगात ती शक्यता शंभर टक्के आहे, आपणच ती तशी ठरवली आहे. तिथून निघू शकते ती एकच गोष्ट: लस निरुपयोगी असती, तर अशी तफावत किती वेळा दिसली असती.

ज्यांना हे पटतं त्यांच्याकडून ती चूक पुन्हा सहसा होत नाही, म्हणून मी विद्यार्थ्यांना या तीन ओळी चालवायला लावते. आर येत नसेल तर एक्सेलमध्येही जमतं. `=BINOM.DIST(51,125,0.5,TRUE)` लिहा आणि येणाऱ्या उत्तराची दुप्पट करा. तिथेही `0.5` तुमच्याच हाताने लिहावा लागतो.

उलटा प्रश्न

डॉक्टर मंडळींना हा फरक रोजच्या कामातून ठाऊक असतो. डेंगी असेल तर ताप येण्याची शक्यता खूप जास्त असते, पण म्हणून ताप आलेल्या प्रत्येकाला डेंगी असण्याची शक्यता तितकीच नसते. भर पावसाळ्यात साथ असताना एक उत्तर येईल, उन्हाळ्यात दुसरं. ‘डेंगी असेल तर ताप’ यावरून ‘ताप आहे तर डेंगी’ काढायचं असेल तर सध्या डेंगी किती पसरला आहे हे कळावं लागतं. पी-व्हॅल्यूच्या बाबतीतही नेमकी हीच माहिती लागते, आणि तीच पी-व्हॅल्यूत नसते.

थायलंडच्या लसीबाबत ‘साथ किती आहे’ याचा अर्थ असा: चाचणीचा निकाल बघण्याआधी ही लस चालेल असं मानायला किती आधार होता? इथे इतिहास बोलका आहे. एड्सव्हॅक्स एकटी देऊन झालेल्या मोठ्या चाचण्या २००३ मध्ये अपयशी ठरल्या होत्या. त्यातली एक थायलंडमध्येच, बँकॉकमध्ये झाली होती. २००४ मध्ये २२ शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ नियतकालिकात पत्र लिहून ही नवी चाचणी करण्याला पुरेसा शास्त्रीय आधारच नाही असं म्हटलं होतं. वरच्या तीन ओळींत ते पत्र कुठे आहे? कुठेच नाही. बँकॉकची चाचणी कुठे आहे? तीही नाही. समजा लसीऐवजी गुलाबपाणी टोचलं असतं आणि तरीही ५१ विरुद्ध ७४ आलं असतं, तर पी-व्हॅल्यू तितकीच आली असती. गुलाबपाणी निरुपयोगी असण्याची शक्यता ४ टक्के, असं कोणी म्हणणार नाही.

आता उलट्या प्रश्नाचं उत्तर खरोखर काढून पाहू. त्यासाठी शून्य परिकल्पनेसमोर दुसरी एखादी परिकल्पना उभी करावी लागते. लसीला जास्तीत जास्त झुकतं माप देऊ आणि म्हणू की चालत असेल तर ती नेमकी ३१ टक्के परिणामकारक आहे, जेवढी चाचणीत दिसली तेवढीच. म्हणजे दुसऱ्या गटात १०० संसर्ग झाले तर लसीच्या गटात ६९ होतील, आणि एकूण संसर्गांपैकी लसीच्या गटाचा वाटा ६९ भागिले १६९, म्हणजे ०.४०८ येईल. मग विचारायचं की नेमके ५१ विरुद्ध ७४ पडण्याची शक्यता दोन्ही बाजूंनी किती:

```r
dbinom(51, 125, 0.5)
dbinom(51, 125, 0.408)
```

पहिलं उत्तर ०.००८६ च्या जवळ, दुसरं ०.०७२ च्या जवळ. म्हणजे चालणारी लस हा निकाल निरुपयोगी लसीपेक्षा साधारण ८.४ पट सहज देते. हा पुरावा आहे, आणि तो लसीच्या बाजूने आहे. पण तो किती वजनाचा, हे सुरुवात कुठून केली यावर ठरतं.

हजार लसी डोळ्यांसमोर आणा, ज्यांच्याबद्दल आधी इतकाच विश्वास होता की दहातली एक चालेल. म्हणजे १०० चालणाऱ्या, ९०० निरुपयोगी. ९०० पैकी सुमारे ८ लसींच्या चाचणीत नेमका ५१ विरुद्ध ७४ असा निकाल येईल. १०० चालणाऱ्यांपैकी सुमारे ७ लसींच्या चाचणीत तोच निकाल येईल. आता तुमच्या हातात असा एक निकाल आहे आणि तो या साधारण १५ पैकी एका लसीचा आहे. ती लस निरुपयोगी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त, ५२ टक्क्यांच्या आसपास. चार टक्के नव्हे.

कोणी म्हणेल की दहातली एक म्हणजे फारच संशयी वृत्ती झाली. ठीक आहे, निम्म्या लसी चालतील असं धरा. ५०० निरुपयोगी लसींतून ४ निघतील, ५०० चालणाऱ्यांतून ३६, आणि उत्तर येईल जवळपास ११ टक्के. हेही चार टक्क्यांच्या अडीच पट आहे. शिवाय आपण लसीला फार उदार वागवलं आहे. ३१ टक्के हा आकडा निकाल बघून निवडला होता, म्हणजे आकडेवारीला सर्वांत जास्त जुळणारा. त्याऐवजी चालणारी लस ५० टक्के परिणामकारक असते असं धरलं, तर तिच्या गटाचा वाटा एक तृतीयांश होतो आणि ८.४ पट घसरून दुपटीपेक्षाही कमी, १.८ च्या आसपास येतो. मग निम्म्या-निम्म्याने सुरुवात करूनसुद्धा लस निरुपयोगी असण्याची शक्यता ३५ टक्के उरते.

पी-व्हॅल्यू या सगळ्या हिशोबात जागची हलली नाही. उत्तरं मात्र ११ ते ५२ टक्क्यांपर्यंत फिरली. पी-व्हॅल्यू म्हणजेच शून्य परिकल्पनेची शक्यता असती, तर हे होऊच शकलं नसतं. कोणत्या सुरुवातीवर विश्वास ठेवायचा यावर जाणकारांत मतभेद होतात आणि ते व्हायलाच हवेत, पण ते मतभेद उघड मांडता येतात. पी-व्हॅल्यूलाच उत्तर मानलं की ते गुपचूप गायब होतात.

सात माणसं

याच चाचणीत आणखी एक गोष्ट आहे, जी मला सर्वांत जास्त शिकवणारी वाटते. १६,४०२ पैकी सात जण असे निघाले की चाचणीत घेतलं त्या वेळीच त्यांना एचआयव्हीचा संसर्ग झालेला होता. पाच लसीच्या गटात, दोन दुसऱ्या गटात. लस संसर्ग टाळते का हे बघायचं असेल तर आधीच संसर्ग असलेल्यांना वगळणं रास्त आहे, आणि बातमी झालेल्या विश्लेषणात त्यांना वगळलं होतं. त्यांना धरलं तर आकडे होतात ५६ विरुद्ध ७६, परिणामकारकता २६.४ टक्के, आणि पी-व्हॅल्यू ०.०८. ठरलेली सगळी इंजेक्शनं वेळापत्रकाप्रमाणे घेतलेल्यांपुरतंच पाहिलं तर संसर्ग ३६ विरुद्ध ५०, परिणामकारकता २६.२ टक्के, आणि पी-व्हॅल्यू ०.१६.

आता चुकीचं वाक्य तिन्ही ठिकाणी लावून पाहा. लस निरुपयोगी असण्याची शक्यता आठ टक्के होती, सात माणसं वगळली आणि ती चार टक्के झाली. नीट इंजेक्शनं घेतलेल्यांत मात्र ती सोळा टक्के. लस तीच, देश तोच, विषाणू तोच. लसीबद्दलचं सत्य असं सात नावांवर निम्मं होत नाही. बदलला तो आकडेवारीचा आणि शून्य परिकल्पनेचा आपसातला मेळ, आणि पी-व्हॅल्यू तेवढाच मेळ मोजते.

तिसरा आकडा उलट्या चुकीचाही नमुना आहे. ०.१६ पाहून ‘वेळापत्रकाप्रमाणे घेतलेल्यांत लस निष्प्रभ ठरली’ असं लिहिणारे असतात. पण तिथे परिणामकारकतेचा अंदाज २६ टक्केच आहे, इतर विश्लेषणांच्या जवळचा. फक्त संसर्ग १२५ ऐवजी ८६ मोजले गेले, त्यामुळे अनिश्चितता वाढली. विश्वासांतराल उणे १३.३ पासून ५१.९ टक्क्यांपर्यंत पसरला आहे. म्हणजे ही आकडेवारी थोड्या नुकसानाशीही जुळते आणि निम्म्या संरक्षणाशीही. ‘फरक सिद्ध झाला नाही’ आणि ‘फरक नाही हे सिद्ध झालं’ यांतलं अंतर इतकं मोठं आहे.

‘योगायोगाने आला असण्याची शक्यता’

हे रूप वेगळं काढून सांगते, कारण ते अगदी निरागस वाटतं आणि चांगले परीक्षकसुद्धा ते नजरेआड करतात. ‘शून्य परिकल्पना’ हे शब्द त्यात नसतात, म्हणून चूक सुधारली असं वाटतं. पण ‘हा निकाल निव्वळ योगायोगाने आला’ म्हणजे काय? लसीचा हात नव्हता, फक्त नाण्याचा खेळ होता. म्हणजेच शून्य परिकल्पना खरी होती. त्याची शक्यता ४ टक्के म्हणणं म्हणजे पुन्हा तेच वाक्य, फक्त साध्या भाषेत.

अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी-व्हॅल्यूवर जे निवेदन काढलं, त्यातल्या दुसऱ्या मुद्द्यात या दोन्ही रूपांना एकत्रच बाद केलं आहे: पी-व्हॅल्यू परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता मोजत नाही, आणि आकडेवारी केवळ योगायोगातून निर्माण झाली असण्याची संभाव्यताही मोजत नाही. कोणी वाद घालू लागलं तर हा मुद्दा समोर ठेवावा.

ओळखायचं कसं

व्याकरणाने ओळखता येतं. वाक्यातल्या ‘शक्यता’ या शब्दामागे काय आहे ते पाहा. ‘परिकल्पना खरी असण्याची’, ‘उपचार चालण्याची’, ‘निष्कर्ष चुकण्याची’, ‘योगायोग असण्याची’ यांपैकी काही असेल तर वाक्य चुकलं आहे. तिथे ‘अशी आकडेवारी दिसण्याची’ असं काहीतरी हवं. दुसरी खूण म्हणजे ‘जर’ किंवा ‘असती तर’. पी-व्हॅल्यूबद्दलच्या बरोबर वाक्यात ते असतंच, कारण शून्य परिकल्पना तिथे गृहीत धरलेली असते. विद्यार्थी वाक्य सुटसुटीत करायला जातात आणि पहिल्यांदा हाच ‘जर’ कापतात. तो कापला की अर्थ उलटतो.

आणखी एक शब्द जपायला हवा: ‘किंवा याहून जास्त’. पी-व्हॅल्यू नेमक्या ५१ विरुद्ध ७४ ची शक्यता सांगत नाही (ती ०.००८६ होती), ती एवढ्या किंवा याहून मोठ्या तफावतीची सांगते. थीसिसमध्ये हे शब्द गाळले तर चूक तुलनेने लहान, पण हिशोब तपासणाऱ्याचा गोंधळ होतो.

मग लिहायचं काय

थायलंडच्या निकालासाठी मी असं लिहीन: ‘लसीचा काहीच परिणाम नसता, तर दोन गटांत एवढी किंवा याहून मोठी तफावत साधारण शंभरांतल्या चार चाचण्यांत दिसली असती. परिणामकारकतेचा अंदाज ३१ टक्के असून आकडेवारी जवळपास शून्यापासून ५२ टक्क्यांपर्यंतच्या परिणामकारकतेशी सुसंगत आहे. आधीच संसर्ग असलेल्या सात जणांना धरल्यास पी-व्हॅल्यू ०.०८ येते.’ वाक्य लांबलं हे खरं. पण वाचणाऱ्याला हवं ते सगळं त्यात आहे: फरक किती, तो किती अनिश्चित, आणि विश्लेषण थोडं बदललं तर काय होतं. पी-व्हॅल्यू एकटी यातलं काहीच सांगत नाही.

इथे विश्वासांतरालाबद्दल सावध राहा. पी-व्हॅल्यूचं वाक्य सुधारल्यावर पुष्कळजण लगेच ‘खरी परिणामकारकता १.१ ते ५२.१ मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के’ असं लिहितात. ती त्याच आजाराची पुढची पायरी आहे. ९५ टक्के ही त्या पद्धतीची कामगिरी आहे: अशा चाचण्या पुन्हा पुन्हा केल्या आणि दर वेळी याच पद्धतीने अंतराल काढला, तर शंभरांतले सुमारे ९५ अंतराल खऱ्या किमतीला धरून असतील. हातात आलेल्या एका अंतरालाबद्दल ‘सुसंगत’ हा शब्द पुरतो आणि खोटंही बोलत नाही.

गाइड विचारतील, ‘हे सगळं ठीक, पण औषध चालतं का नाही, एक आकडा सांग.’ हा प्रश्न अगदी न्याय्य आहे, आणि त्यासाठीच वरचा हजार लसींचा हिशोब आहे. तो थीसिसमध्ये जरूर घाला, पण दोन गोष्टी लिहून: आधीचा विश्वास किती धरला आणि कशाच्या आधारावर, आणि परिणाम असेल तर किती मोठा धरला. दोन-तीन वेगवेगळ्या सुरुवातींनी उत्तर काढून शेजारी शेजारी मांडा. सगळ्या उत्तरांत शून्य परिकल्पना मागे पडत असेल तर पुरावा भक्कम. ११ पासून ५२ टक्क्यांपर्यंत फिरत असेल, तर ‘आशादायक आहे, पुन्हा तपासायला हवं’ याहून जास्त लिहू नका. पी-व्हॅल्यू ०.०४ असणाऱ्या बहुतेक थीसिसांत नेमकं हेच लिहिण्याजोगं असतं.

पुढे काय झालं

थायलंडच्या निकालावरून सुधारित लस तयार झाली. दक्षिण आफ्रिकेत पसरलेल्या विषाणूच्या उपप्रकारासाठी ती बदलली, तिच्यातला प्रतिकारशक्ती चाळवणारा घटकही बदलला, आणि २०१६ मध्ये तिथे एचव्हीटीएन ७०२ ही चाचणी सुरू झाली. ५,४०० च्या वर स्वयंसेवक होते. २०२० च्या सुरुवातीला मधल्या तपासणीत आकडे आले: लस घेतलेल्यांत १२९ संसर्ग, न घेतलेल्यांत १२३. लस देणं थांबवण्यात आलं.

यावरून ‘बघा, थायलंडमध्ये शून्य परिकल्पनाच खरी होती’ असंही म्हणू नये. लस तंतोतंत तीच नव्हती, विषाणूचा उपप्रकार वेगळा होता, आणि तिथे संसर्गाचा धोकाही कितीतरी जास्त होता. पण ज्यांनी २००९ मध्ये ०.०४ चा अर्थ ‘लस चालते याची ९६ टक्के खात्री’ असा लावला, त्यांच्यासाठी हा निकाल जवळजवळ अशक्य कोटीतला ठरला असता. ज्यांनी ११ ते ५२ टक्के असा हिशोब केला होता, त्यांच्यासाठी तो निराश करणारा होता, पण अनपेक्षित नव्हता. दुसऱ्या चाचणीवर पैसा आणि वर्षं खर्च करण्याची गरजही त्यांनाच आधी दिसली असती: चार टक्के शंका उरली असती तर लस वाटायला निघाले असते, दहा ते पन्नास टक्के उरली असेल तर आधी पुन्हा तपासतात.

तुमच्या थीसिसमध्ये ५१ आणि ७४ च्या जागी स्वतःचे आकडे टाकून तोच हिशोब करता येतो, फक्त एक अट: दोन्ही गट सारख्या आकाराचे असावेत आणि घटना विरळ असाव्यात. गट असमान असतील तर `0.5` ऐवजी पहिल्या गटाचा एकूण लोकांतला वाटा लिहा, आणि दुसऱ्या परिकल्पनेचा वाटाही त्याच प्रमाणात नव्याने काढा. त्या वेळी पी-व्हॅल्यूसाठी नुसती दुप्पट न करता `binom.test` वापरा. रक्तदाब किंवा वजनासारखी मोजमापं असतील तर हे नाणं चालणार नाही, तिथे सरासरींतल्या फरकाच्या वितरणावरून तोच गुणोत्तराचा हिशोब करावा लागतो. तो करताना आपल्या संख्याशास्त्राच्या शिक्षकांना सोबत बसवा, आणि बसण्याआधी एवढं कागदावर लिहून न्या: परिणाम असेल तर तो किती असावा असं तुम्हाला डेटा बघण्याआधी वाटत होतं.